अधिक की उणे? हललेल्या फोटोतलं वर्गसमीकरण वाचताना

*भाचा तासगावजवळ गावी दहावीत आहे, मी सांगलीत असतो. बीजगणितात अडला की वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. फोटो हललेला असतो. 7 आहे का 1, 5 आहे का 6, अधिक आहे का उणे, काहीच लागत नाही. परवाचं गणित मी तीनदा सोडवलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. फोटो सोबत जोडलाय. असं पुसट असेल तर नक्की काय लिहिलंय हे सोडवायच्या आधी ठरवायचं कसं?*

तुमच्या फोटोत 2x² − 7x + 6 = 0 असं लिहिलेलं आहे आणि त्याची मुळे 2 आणि 3/2. हे मला पाहताक्षणी दिसलं असं मात्र समजू नका. पंधरा मिनिटं गेली, त्यातली सोडवण्यात दोन. विश्रामबागेत नववी-दहावीच्या बीजगणिताच्या शिकवण्या घेतो, आणि रात्री नऊनंतर असे पाच-सात फोटो फोनवर येऊन पडलेले असतात. तेव्हा ही पंधरा मिनिटं कशी गेली तेच सांगतो.

पहिल्यांदा मी गणिताकडे बघितलंच नाही. वहीच्या रेघा बघितल्या. आपल्या शाळेच्या वहीला आडव्या निळ्या रेघा असतात आणि डावीकडे एक उभी लाल समासाची रेघ. तुमच्या फोटोत निळ्या रेघा चांगल्या ठसठशीत आहेत, पण लाल रेघ फाकून फिकट गुलाबी पट्ट्यासारखी झाली आहे. याचा अर्थ फोन आडवा हलला. पानावरच्या डावी-उजवी दिशेने, असं म्हणतोय मी. फोन मुलाने उभा धरला होता की आडवा याच्याशी त्याचा संबंध नाही. फोटो फिरवून आला असला तरी पानाच्या रेघांवरूनच दिशा ठरवायची.

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. फोन आडवा हलला की आडवी रेघ स्वतःच्याच अंगावरून सरकते. ती काळीच राहते, फार तर टोकांना थोडी लांबते. उभी रेघ मात्र शेजारी शेजारी अनेक जागी पसरते आणि तिची शाई इतकी पातळ होते की कागदात मिसळून जाते. आता अधिकचं चिन्ह डोळ्यासमोर आणा. त्यातली उभी रेघ उडाली की उरतं काय? उणे. म्हणजे आडव्या हललेल्या फोटोत दिसणाऱ्या कुठल्याही उणे चिन्हावर विश्वास टाकायचा नाही, ते अधिक असू शकतं. फोन उभा हलला असता तर उलटं झालं असतं: समासाची रेघ धारदार आणि निळ्या रेघा पुसट किंवा दुहेरी. तेव्हा उणे चिन्ह गायबच होतं, 2x आणि 7 यांच्यामध्ये नुसतीच मोकळी जागा दिसते, आणि अधिक चिन्ह हे 1 असल्यासारखं उभं राहतं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघाही एकमेकीत मिसळून एकच जाड रेघ होते.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्हीकडच्या रेघा सारख्याच मऊ झालेल्या. तिथे फोन हललेला नाही, फोकस चुकलेला आहे. अशा फोटोत चिन्हं सहसा वाचतात, पण अंकांतल्या फटी भरून जातात. 5 चं पोट डावीकडे उघडं असतं, ते बंद होऊन 6 दिसतो; 3 चा 8 होतो. इथे एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुसटपणा फटी भरतो, तो सहसा फटी पाडत नाही. म्हणून अशा फोटोत 5 दिसला तर तो बहुधा 5 च आहे, पण 6 दिसला तर तो 5 ही असू शकतो. दोन्ही वाचनांना सारखं वजन द्यायचं नाही.

फोटोवर काही करायचं असेल तर इतकंच करा: रंग काढून टाका, उजेड-काळोखातला फरक थोडा वाढवा, आणि फोन हातभर लांब धरून बघा. आपली सवय चिमटीने मोठं करायची, पण फार मोठं केलं की अंकाचा आकार मोडून नुसते डाग दिसतात. लांबून डोळा आकार धरतो. फोनमधली कागदपत्रं स्कॅन करायची सोय मात्र अशा फोटोवर वापरू नका. ती प्रत्येक करड्या ठिपक्याला काळा किंवा पांढरा ठरवून टाकते. अधिकच्या चिन्हातली फिकट उभी रेघ तिच्या लेखी कागदाचा मळ, ती पुसली जाते. फोटो बघायला छान होतो आणि आपल्याला हवा असलेला एकुलता एक पुरावा जातो.

आता गणिताची ओळ. वर "अवयव प" एवढं वाचता येतं, म्हणजे अवयव पद्धतीने सोडवा असा प्रश्न आहे. हे फार उपयोगाचं निघालं. त्याखाली पहिला 2 स्पष्ट आहे, x² स्पष्ट आहे. नंतर उण्यासारखं दिसणारं एक चिन्ह. मग 7 किंवा 1. मग x. मग पुन्हा उण्यासारखं चिन्ह. मग 5 किंवा 6. शेवटी = 0. तुम्ही तीनदा सोडवून तीन उत्तरं काढलीत ती बहुतेक अशीच, प्रत्येक वेळी मनाने एकेक वाचन धरून. मी ते सगळे पर्याय कागदावर मांडतो. पहिलं चिन्ह दोन प्रकारे, अंक दोन प्रकारे, दुसरं चिन्ह दोन प्रकारे, शेवटचा अंक दोन प्रकारे. एकूण सोळा वाचनं.

सोळा ऐकून घाबरायला होतं, पण विवेचक त्यातली बरीच झाडून टाकतो. अवयव पद्धतीचं गणित आहे म्हणजे Δ = b² − 4ac हा पूर्ण वर्ग यायला हवा; नाहीतर दहावीचा मुलगा मधलं पद फोडणार कसं? इथे a = 2, म्हणून Δ = b² − 8c. b चा वर्ग होतो, म्हणजे पहिलं चिन्ह अधिक असो की उणे, Δ तोच. त्यामुळे सोळाच्या जागी आठच हिशेब करावे लागतात:

7 आणि +6 : 49 − 48 = 1, पूर्ण वर्ग
7 आणि +5 : 49 − 40 = 9, पूर्ण वर्ग
7 आणि −6 : 49 + 48 = 97, नाही
7 आणि −5 : 49 + 40 = 89, नाही
1 आणि +6 : 1 − 48 = −47, वास्तव मुळेच नाहीत
1 आणि +5 : 1 − 40 = −39, तेच
1 आणि −6 : 1 + 48 = 49, पूर्ण वर्ग
1 आणि −5 : 1 + 40 = 41, नाही

आठातले तीन उरले. आणि तिन्ही अगदी सभ्य गणितं आहेत. 2x² − 7x + 6 ची मुळे 2 आणि 3/2. 2x² − 7x + 5 ची 1 आणि 5/2. 2x² − x − 6 ची 2 आणि −3/2. तुमची तीन उत्तरं हीच असतील तर तुमचं सोडवणं एकदाही चुकलेलं नाही.

यातलं तिसरं लगेच बाजूला काढता येतं, आणि त्यासाठी फोटो बघायचीही गरज नाही. x चा सहगुणक 1 असेल तर आपण 1x लिहीत नाही, नुसतं x लिहितो. दहावीतला मुलगा तर नाहीच. म्हणून चिन्ह आणि x यांच्यामध्ये एकटा अंक उभा असेल तर तो 1 असणं जवळजवळ अशक्य. 11x किंवा 21x मध्ये 1 येतो, पण इथे जागा एकाच अंकाची आहे. शाईही तेच सांगते. फोटो आडवा हललाय, त्यामुळे नुसती उभी रेघ ओढलेला 1 असता तर तो फिकट झाला असता. इथे वरची आडवी टोपी काळीभोर शिल्लक आहे आणि खालचा दांडा पुसट आहे. 7 असाच दिसायला हवा.

7 नक्की झाला तसं दुसरं चिन्हही नक्की झालं. 7 बरोबर −6 किंवा −5 घेतलं की अवयव पडत नाहीत, म्हणजे 6 च्या (किंवा 5 च्या) आधीचं चिन्ह अधिकच असलं पाहिजे, मग ते फोटोत कितीही उण्यासारखं दिसो.

आता राहिलं पहिलं चिन्ह, आणि इथे विवेचक हात वर करतो. b चा वर्ग केल्यावर b चं चिन्ह नाहीसं होतं. −7x घ्या नाहीतर +7x घ्या, अवयव तितकेच सुरेख पडतात, फक्त मुळांची चिन्हं उलटतात. अनुभवी शिक्षकसुद्धा इथे "असं गणित बहुतेक उण्यातच देतात" म्हणून पुढे जातात. मी नाही जात. कारण आपल्या हातात आता एक नमुना आलाय. 6 च्या आधीचं चिन्ह अधिक आहे हे बीजगणिताने सिद्ध करून दिलं. म्हणजे याच फोटोत, याच हाताचा, याच धक्क्यातून गेलेला अधिक कसा दिसतो हे आता मला माहीत आहे. तो मोठा करून बघितला. आडव्या रेघेच्या मधोमध, वर आणि खाली, करडा धुरकट डाग आहे. पसरलेली उभी रेघ ती. मग 7 च्या आधीच्या चिन्हाकडे गेलो. तिथे रेघेच्या वर स्वच्छ कागद, खाली स्वच्छ कागद. डाग नाही. म्हणजे ते उणेच.

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही पायरी. जे चिन्ह गणिताने पक्कं होतं त्याचा आकार बघून ठेवायचा आणि जे गणिताने पक्कं होत नाही ते त्याच्याशी ताडायचं. ते जमावं म्हणून नमुना त्याच फोटोतला हवा. मुलाचा कालचा चांगला फोटो काढून त्यातला अधिक बघितला तर त्याला आजचा धक्का बसलेला नाही, तुलना निकामी.

उरला 5 की 6. दोन्ही चालतात, दोन्हींचे अवयव पडतात, त्यामुळे इथेही शाईचाच आधार. आडव्या हललेल्या फोटोत 5 ची वरची आडवी टोपी ठळक राहायला हवी होती, आणि मला ती दिसत नाही. पण यावर मी भरवसा ठेवला नाही, कारण तुमचा भाचा अंक इतके मोठे काढतो की त्यांचा माथा वरच्या निळ्या रेघेला टेकतो. टोपी त्या रेघेत लपली असेल तर? निळ्या शाईने निळ्या रेघेवर ओढलेली टोपी दिसणार नाही.

म्हणून खालच्या ओळीकडे गेलो. गणित वाचताना लोक फक्त गणिताची ओळ बघतात, पण मुलाने सोडवायला सुरुवात केलेली असते, आणि ती अर्धवट ओळ म्हणजे त्यानेच केलेलं वाचन असतं. तुमच्या फोटोत खाली 2x² आहे, मग एक चिन्ह, मग 4x, आणि पुढचं सगळं अंगठ्याच्या सावलीत. एवढ्यावर निकाल लागतो. 7 ची फोड करताना एक भाग 4 असेल तर दुसरा 3, आणि 4 × 3 = 12 = 2 × 6. शेवटचं पद 5 असतं तर गुणाकार 10 हवा होता आणि फोड 5 आणि 2 अशी आली असती. 4 कुठेच येत नाही.

पण थांबा, तो 4 तरी 4 आहे का? हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांच्या वहीत विचारावाच लागतो. प्राथमिक शाळेत मुलं देवनागरी अंक शिकतात, पुढे बीजगणितात 1, 2, 3 येतात, आणि घाईत हात जुन्या वळणावर जातो. देवनागरी १ आणि 9 यांत किती घोटाळे झालेत याचा हिशेब नाही. ४ चा माथा जुळला की 8 होतो. आणि ५ हा उघड्या डोक्याच्या 4 सारखा दिसतो: डावीकडे वाटी, उजवीकडे दांडा. भाच्याने इथे −५x लिहिलं असेल तर फोड 5 आणि 2 ची होते, शेवटचा अंक 5 ठरतो आणि माझा सगळा तर्क उलटा पडतो.

4 आणि ५ यांचा फरक आडव्या रेघेत आहे. उघड्या डोक्याच्या 4 ची आडवी रेघ दांड्याला छेदून उजवीकडे थोडी बाहेर येते. ५ ची वाटी दांड्याला येऊन मिळते आणि तिथेच थांबते, उजवीकडे काही डोकावत नाही. आपल्या नशिबाने फोटो आडवा हललेला आहे, म्हणजे आडवी रेघ शाबूत असणार. ती दांड्याच्या पलीकडे स्पष्ट गेलेली आहे. आता कुणी म्हणेल, आडवा धक्का आडवी रेघ लांबवतोही, मग ती पलीकडे गेलेली दिसणारच. म्हणून मोजलं: त्याच ओळीच्या आसपास बरोबरच्या चिन्हाच्या रेघा टोकांना किती फिकट होऊन लांबल्या आहेत ते बघितलं. धक्क्याने लांबलेला भाग फिकट असतो. 4 ची बाहेर आलेली रेघ शेवटपर्यंत काळी आहे. शिवाय पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्याने तारीख आणि प्रश्न क्रमांक देवनागरीत घातलेत, पण समीकरणात वरचा 7 सरळसरळ इंग्रजी वळणाचा आहे, देवनागरी ७ ची वेटोळी नाही. मुलगा कुठे कुठले अंक वापरतो याचा एक शिरस्ता असतो. 4 तो 4 च.

इतकं झाल्यावर सोडवणं म्हणजे दोन ओळी. 2x² − 4x − 3x + 6 = 0, म्हणून 2x(x − 2) − 3(x − 2) = 0, म्हणून (x − 2)(2x − 3) = 0. x = 2 घालून बघा: 8 − 14 + 6 = 0. x = 3/2 घालून बघा: 9/2 − 21/2 + 6 = 0. ताळा जुळला. पण हा ताळा काय सांगतो तेही नीट बघा. मी धरलेलं समीकरण मी बरोबर सोडवलं, इतकंच. मी समीकरण बरोबर वाचलं का, याबद्दल ताळा एक अक्षर बोलत नाही. तुमच्या तिन्ही उत्तरांचा ताळा जुळलाच असेल.

आता यातली खोट सांगतो, कारण मी तिला एकदा फसलोय. विवेचक पूर्ण वर्ग हवा ही अट मी लावली ती "अवयव पद्धतीने" हे शब्द वाचता आले म्हणून. काही वर्षांपूर्वी पलूसकडच्या एका मुलीने x² + 5x + आणि पुढे एक गोळा अशा फोटोचं गणित पाठवलं होतं. फोकस चुकलेला फोटो. मी गोळ्याचा 6 केला, कारण x² + 5x + 6 चे अवयव (x + 2)(x + 3) डोळे मिटून पडतात. मुळे −2 आणि −3 कळवली आणि झोपलो. सकाळी तिचा निरोप: सर, वर्गात उत्तरात करणी आली होती. गणित x² + 5x + 5 = 0 होतं, सरावसंच सूत्र पद्धतीचा होता, आणि उत्तर (−5 + √5)/2 आणि (−5 − √5)/2. सूत्र पद्धतीच्या गणितात Δ पूर्ण वर्ग नसणं हीच नेहमीची गोष्ट. तिथे सुबक उत्तर येतंय म्हणून वाचन बरोबर, असं म्हणता येत नाही. आणि वर सांगितलेला फटी भरण्याचा नियम मी तिथे पाळला नव्हता: फोकस चुकलेल्या फोटोतला 6 संशयास्पदच धरायला हवा होता. तेव्हापासून मी आधी प्रश्नाचे शब्द शोधतो. अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत की सूत्र पद्धत, हे माहीत नसेल तर सुबकपणाची कसोटी लावत नाही.

शाब्दिक गणितात याहून बरं असतं, कारण तिथे मुळांनाही अर्थ असतो: वय, लांबी, मुलांची संख्या. "दोन क्रमागत नैसर्गिक संख्या" म्हटलं असेल आणि तुमच्या वाचनातून अपूर्णांक आला तर वाचन गेलं. दोन चलांतील रेषीय समीकरणांत तर एक ओळ दुसरीला दुरुस्त करते. समजा एक ओळ 13x + 19y = 51 अशी स्वच्छ आहे आणि दुसरीत 19x + 1 आणि पुढे डाग, = 45. सहगुणकांची अदलाबदल केलेली ही नेहमीची जोडी; डाग 3 चा धरा, बेरीज करा, 32x + 32y = 96, म्हणजे x + y = 3. वजाबाकीने y − x = 1. म्हणून x = 1, y = 2. डाग 8 चा धरला असता तर उत्तरात अगडबंब अपूर्णांक आले असते. तरीही शाईत 3 चा मागमूस नसेल तर मी हे नुसत्या जोडीच्या जोरावर ठरवत नाही.

आणि काही वेळा ठरतच नाही. तुमच्या फोटोत खालची 4x ची ओळ नसती तर 5 की 6 हे मी सांगू शकलो नसतो, कितीही वेळ बघत बसलो तरी. अशा वेळी दोन्ही सोडवून दोन्ही कळवण्यात कमीपणा नाही: "शेवटी 6 असेल तर 2 आणि 3/2, 5 असेल तर 1 आणि 5/2." मुलगा वहीत बघून एक खोडतो.

विचारायचं झालं तर "फोटो नीट काढून पाठव" असं विचारू नका. तो त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच अंगठ्याने दुसरा तसाच फोटो काढतो. नेमकं विचारा: "7 च्या आधी अधिक का उणे? शेवटचा अंक पाच का सहा? शब्दांत लिही." तो फोनवर सांगत असेल तर दोन अंकी संख्या अंक सुटे करून सांगायला लावा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत फोनवर घोळ होतोच. "सहा, नऊ" यात होत नाही.

भाच्याला माझ्यातर्फे उत्तर पाठवताना पहिली ओळ उत्तराची लिहू नका. पहिली ओळ अशी: "मी 2x² − 7x + 6 = 0 असं वाचलंय." मग खाली सोडवलेलं. वाचन चुकलं असेल तर तो तिथेच ओरडेल, शेवटी वर्गातल्या उत्तराशी ताडून बघेपर्यंत थांबायला नको. आणि पुढच्या वेळी फोटोत समासाची लाल रेघ, प्रश्नाचे वरचे शब्द आणि त्याने सोडवायला घेतलेल्या खालच्या दोन ओळी येऊ द्या म्हणावं, अंगठा बाजूला ठेवून. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडायला सांगा, नाहीतर आधीच हललेला फोटो वाटेत आणखी दाबला जातो.